गिऱ्हाईक ठरवण्याआधी मेसेज लिहिताय? या चुका टाळा

"एमआयडीसीतले सगळे लघुउद्योजक" असं कुणी आपलं गिऱ्हाईक सांगितलं, की पुढचा मेसेज कसा असेल ते न वाचता सांगता येतं: "आम्ही आपला वेळ आणि खर्च वाचवतो." असा मेसेज कुणीही कुणालाही पाठवू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखणं एकाचं आणि पत्र दुसऱ्याला. भोसरी-चाकणकडे हमखास दिसणारा प्रकार घ्या. जॉबवर्कच्या चलानांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकायचं आहे. नावातच जॉबवर्क, म्हणून यादी काढली प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटवाल्यांची. दोनशे मेसेज गेले, उत्तरं शून्य. मग मेसेजची पहिली ओळ बदलली, इमोजी घातले, तरी शून्यच. उत्तर येणार कसं? जॉबवर्कला गेलेल्या मालाचा हिशेब देणारा जीएसटीतला आयटीसी-०४ फॉर्म भरायचा तो माल बाहेर पाठवणाऱ्याने, काम करून देणाऱ्याने नव्हे. पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवला असं धरतात आणि व्याजासकट कर पाठवणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. त्यापायी प्लेटिंगवाल्याची झोप का उडावी?

आता गिऱ्हाईक नीट लिहू. स्वतःचं प्लेटिंग नसलेला, ऑटोचे सुटे भाग बनवणारा कारखाना. उलाढाल ५ कोटींच्या वर, कारण त्यांना हा फॉर्म वर्षातून दोनदा भरावा लागतो, खालच्यांना एकदाच. चलानं स्टोअरचा माणूस एक्सेलमध्ये चढवतो आणि मुदत आली की अकाउंट्सवाला ती जुळवत बसतो. मेसेज जायचा तो या अकाउंट्सवाल्याला, २५ ऑक्टोबर किंवा २५ एप्रिलच्या तीन-चार आठवडे आधी:

"एप्रिल ते सप्टेंबरमध्ये प्लेटिंगला गेलेल्या मालापैकी कुठल्या चलानाचा माल अजून परत आलेला नाही, हे आज एका यादीत दिसतं का?"

एवढंच. मालकाच्या दूरदृष्टीचं कौतुक नको.

कोण नको, हेही लिहून ठेवा. उतावळे नेमकं हेच गाळतात. ईआरपीत सबकॉन्ट्रॅक्टिंग आधीच चालवणारे बाद. बाहेर फक्त डाय, जिग-फिक्श्चर आणि टूल पाठवणारेही बाद, कारण त्यांना परतीची मुदत लागूच नाही.

"नवं स्वीकारणारा मालक" यासारखी अट खोडून टाका. ती बाहेरून दिसत नाही. "प्लेटिंग बाहेर करून घेता का?" हे एका फोनवर कळतं.

विकत घेतलेल्या डेटाबेसवरून गिऱ्हाईक ठरवू नका.

व्याख्या झाली की वीस कारखान्यांची नावं हाताने काढा आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहा. वीसही "हो" आले, तर चाळणीची भोकं फार मोठी आहेत. "माहीत नाही" जास्त आले, तर अटी तपासता न येणाऱ्या आहेत. पाच-सहा उरले, तर त्यांच्यासाठी मेसेज लिहायला बसा.