तीन वर्तुळांच्या वेन आकृतीत ‘नेमके दोन खेळ’ कसे मोजावेत

समजा, मालवणजवळच्या एका शाळेत 60 विद्यार्थ्यांपैकी कबड्डी 30, खो-खो 28 आणि क्रिकेट 26 जणांनी निवडले. कबड्डी व खो-खो 12, खो-खो व क्रिकेट 10, क्रिकेट व कबड्डी 9, तिन्ही खेळ 4 आणि एकही खेळ न निवडणारे 3 आहेत.

येथे 12, 10 आणि 9 यांची बेरीज 31 हेच उत्तर समजले जाते किंवा तीतून 4 एकदाच वजा केले जातात. परंतु तिन्ही खेळ निवडणारे चौघे प्रत्येक जोडीत मोजले गेले असल्यामुळे ते तीनदा वजा करावे लागतात; म्हणून 31 − 12 = 19. आकृती भरताना मधल्या भागात प्रथम 4 लिहावेत, म्हणजे जोड्यांचे भाग 8, 6 व 5 असे आपोआप मिळतात.

पडताळ्यासाठी फक्त एक खेळ निवडणारे काढावेत: 13, 10 व 11, म्हणजे 34. मग 34 + 19 + 4 + 3 = 60. जोडीच्या भागांत थेट 12, 10, 9 लिहिल्यास फक्त एक खेळ निवडणारे 5, 2 व 3, म्हणजे 10 उरतात, हीच बेरीज 10 + 31 + 4 + 3 = 48 येते आणि चूक उघडी पडते. मात्र प्रश्नात ‘फक्त कबड्डी व खो-खो’ असे शब्द असतील, तर वजाबाकी करू नये, कारण ती आधीच झालेली असते.