सुकामेवा मुठीने नव्हे, नग मोजून घ्यावा

शेतात राबणाऱ्या माणसाची मूठ मोठी असते, त्यामुळे ‘रोज एक मूठ’ या सल्ल्यातून प्रत्येकाच्या पोटात वेगळेच प्रमाण जाते. आठवडी बाजारात किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपली मूठ एकदा तोलून घ्यावी आणि पुढे नगच मोजावेत.

१. सुमारे २८ ग्रॅममध्ये २३ बदाम बसतात. त्यांतून ६ ग्रॅम प्रथिने, १४ ग्रॅम स्निग्धांश आणि १६४ कॅलरी मिळतात, म्हणजे नगामागे ७ कॅलरी.

२. तेवढ्याच वजनाच्या १८ काजूंत ५ ग्रॅम प्रथिने, १२ ग्रॅम स्निग्धांश आणि १५७ कॅलरी असतात. नगामागे ९ धराव्यात.

३. अक्रोडाच्या १४ अर्ध्या फाका म्हणजे ४ ग्रॅम प्रथिने, १८ ग्रॅम स्निग्धांश, १८५ कॅलरी. एका फाकेला १३.

सारख्याच वजनात काजूत बदाम-अक्रोडापेक्षा जास्त कॅलरी असतात, हा समज येथे टिकत नाही. मात्र मूठ ४० ग्रॅमची निघाली, तर २५ काजूंच्या सव्वादोनशे कॅलरी होतात.

स्वस्त मिळणारा तुकडा काजू मोजता येत नाही, तो तोलूनच घ्यावा; तळलेल्या काजूला हे आकडे लावू नयेत.