मुलांसाठी गेम घेताय? आतला छुपा खर्च आधीच असा ओळखा

मुलांच्या हातात फोन देताना बहुतेक पालक फुकटचा गेम शोधतात. माझं सांगणं उलट आहे. शक्य असेल तर एकदाच पैसे मोजून घेतलेला गेम द्या. फुकट गेम बनवणाऱ्यांनाही कमवायचं असतंच. ते डायमंड, नाणी आणि सीझन पास विकून कमावतात. त्यासाठी खेळ मुद्दाम अडवला जातो: आयुष्यं संपली, आता वाट बघा, नाहीतर विकत घ्या.

मात्र गेमला किंमत आहे म्हणजे आत दुकान नाही, असं धरून चालू नका. अँड्रॉइड फोनवर हे कसं तपासायचं ते पाहू.

१. गेमच्या नावाखालची बारीक ओळ वाचा. प्ले स्टोअरवर गेम उघडला की नावाखाली `Contains ads` किंवा `In-app purchases` असं लिहिलेलं असतं. माइनक्राफ्ट पैसे देऊनच घ्यावा लागतो, तरी त्याच्याखाली `In-app purchases` दिसतं. कारण त्यात मार्केटप्लेस आहे आणि तिथे माइनकॉइन्स नावाची गेममधली नाणी मोजून पात्रांचे पोशाख, नवी जगं विकत घेता येतात. याउलट मिनी मेट्रो पाहा. शहराच्या नकाशावर बोटाने मेट्रोच्या लाइन आखायच्या आणि स्टेशनांवरची गर्दी आवरायची, असा हा गेम आहे. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. किंमत एकदा दिली की विषय संपला. आत काही विकायला ठेवलेलं नाही.

नावाखाली `In-app purchases` दिसलं, तर `About this game` उघडून खाली जा. आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत तिथे दिलेली असते. वरचा आकडा हजारांत असेल, तर तो गेम मुलांसाठी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एकच छोटी खरेदी असेल, उदाहरणार्थ जाहिराती काढण्याची किंवा पूर्ण गेम उघडण्याची, तर ती चालण्यासारखी आहे.

२. इंटरनेट बंद करून खेळून बघा. गेम सतत ऑनलाइन राहायला भाग पाडतो का, हे त्या ओळीवरून कळत नाही. म्हणून गेम घेतल्यावर इंटरनेट चालू असताना एकदा उघडा. विकत घेतलेल्या गेमची नोंद काही वेळा पहिल्यांदा ऑनलाइनच तपासली जाते. मग गेम पूर्ण बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पुन्हा उघडा. थेट खेळ सुरू झाला तर उत्तम. लॉगिन मागितलं किंवा पडदा `Connecting` वरच अडकला, तर गेम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. ही चाचणी त्याच दिवशी करा, कारण प्ले स्टोअरवर पैसे परत मागण्याचा सोपा मार्ग खरेदीनंतर ४८ तासच खुला असतो.

पैसे न देताही या चाचण्या पार करणारे गेम आहेत, फक्त थोडे. `Simon Tatham's Puzzles` हा कोड्यांचा संग्रह पूर्ण मोफत आहे. त्यात जाहिराती नाहीत, खरेदी नाही आणि तो नेटशिवाय चालतो. दिसायला अगदी साधा आहे, पण सुडोकूची गोडी लागलेलं मूल त्यात रमेल.

३. खरेदीला कुलूप लावा. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारा, `Settings` मध्ये `Purchase verification` शोधा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी निवडा. जुन्या फोनवर हाच पर्याय `Authentication` नावाने असतो. इथे एक पळवाट हमखास राहून जाते. फोन उघडता यावा म्हणून मुलाच्या बोटाचा ठसा आपणच फोनमध्ये नोंदवलेला असतो, आणि खरेदीची पडताळणी बोटाच्या ठशावर ठेवली असेल तर मुलाचं बोटही चालतं. म्हणून एकतर तो ठसा काढून टाका किंवा खरेदीसाठी पासवर्डच ठेवा. तो पासवर्ड मुलांना सांगू नका.

वाढदिवसाला मिळालेल्या गिफ्ट कोडचे पैसे खात्यात पडून असतील, तर त्यांच्यावरही लक्ष ठेवा. त्या शिलकीतून खर्च करताना यूपीआयचा पिन लागत नाही आणि बँकेचा मेसेजही येत नाही.

४. अपडेटवर नजर ठेवा. आज ज्या गेममध्ये दुकान नाही, त्यात पुढच्या अपडेटमध्ये ते येऊ शकतं. गेमच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की `Enable auto update` दिसेल. त्यासमोरची खूण काढा. मग महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः अपडेट करा, पण त्याआधी नावाखालची ती ओळ पुन्हा वाचा.