तीन पर्याय उरले तर गोळा भरायचा का?

सुरुवातीला माझे सराव पेपर एका ठरलेल्या फेऱ्यात फिरायचे. एका पेपरात तुक्के मारून चुका वाढायच्या. मग चरफडत ठरवायचो, आता खात्री असल्याशिवाय गोळा भरायचा नाही. पुढच्या पेपरात वीस प्रश्न कोरे राहायचे आणि गुण आधीपेक्षाही कमी. मग पुन्हा तुक्के. हे थांबलं ते शिस्तीनं नाही, तर कच्च्या कागदावरच्या एका साध्या हिशोबानं. तो हिशोब आणि त्यात मी केलेली चूक, दोन्ही सांगतो, कारण हिशोब सगळे सांगतात, पण तो कुठे फसतो ते फारसं कुणी सांगत नाही.

बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला एक तृतीयांश गुण वजा आणि कोऱ्याला शून्य असा नियम धरू. प्रश्नाला चार पर्याय. आता सारख्याच शंकेचे १२ प्रश्न डोळ्यांसमोर आणा. काहीच येत नसताना डोळे मिटून गोळे भरले तर सरासरी ३ बरोबर येतील, ९ चुकतील. मिळाले ३, गेले ३, हाती शून्य. प्रत्येक प्रश्नात एक पर्याय नक्की चूक म्हणून कापता आला, तर ४ बरोबर आणि ८ चूक, म्हणजे ४ वजा २.६७, हाती सुमारे १.३३. दोन पर्याय कापता आले तर ६ बरोबर, ६ चूक, ६ वजा २, हाती ४. एका प्रश्नामागे बघायचं तर अनुक्रमे शून्य, ०.११ आणि ०.३३. यालाच अपेक्षित लाभ म्हणतात. प्रश्न २ गुणांचा असला आणि दंडही त्याच प्रमाणात असला, तरी निर्णय बदलत नाही. फक्त आकडे दुप्पट होतात.

उंबरठा काढायची रीतही लहानच आहे. दंडाला '१ अधिक दंड' यानं भागायचं. एक तृतीयांश दंड असेल तर उत्तर येतं एक चतुर्थांश. म्हणजे बरोबर येण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर असेल तर भरा, खाली असेल तर सोडा. दंड एक चतुर्थांश असेल तर उंबरठा २० टक्के, अर्धा असेल तर ३३, आणि पूर्ण गुणच कापला जात असेल तर थेट ५०. पेपरला बसण्याआधी फक्त हा एक आकडा पाठ असला की पुरे. पेपरात भागाकार करत बसायला वेळ कुणाकडे असतो?

इथपर्यंत पोहोचल्यावर मला वाटलं, काम झालं. एक पर्याय कापला की भरायचं. ३३ टक्के शक्यता, उंबरठा २५, फायदा नक्की. पाच-सहा सराव पेपर याच नियमानं सोडवले, तरी गुण जागचे हलेनात.

तेव्हा एक सवय लावून घेतली. शंकेचा प्रश्न भरताना प्रश्नपत्रिकेवर त्याच्या शेजारी, किती पर्याय उरलेत तो आकडा पेन्सिलीनं लिहायचा, २ किंवा ३. पेपर तपासल्यावर दोन्हींची बेरीज वेगवेगळी करायची. असे बरेच पेपर जमल्यावर वहीत हे चित्र होतं: '२' लिहिलेले ६० प्रश्न, त्यात २७ बरोबर, ३३ चूक. २७ वजा ११, निव्वळ १६ गुण. ठीक. '३' लिहिलेले ४० प्रश्न, त्यात ९ बरोबर, ३१ चूक. ९ वजा १०.३३, म्हणजे सव्वा गुणाहून जास्त तोटा.

४० पैकी ९ म्हणजे साडेबावीस टक्के. डोळे मिटून भरलं असतं तर २५ टक्के आले असते! अक्कल लावून मी नशिबापेक्षा वाईट खेळत होतो.

कारण हिशोबाच्या पोटातच होतं. 'एक कापला, तीन उरले, शक्यता एक तृतीयांश' हे तेव्हाच खरं, जेव्हा कापलेला पर्याय खरोखर चूक असतो. कापणं दर चार वेळांपैकी तीनदाच बरोबर असेल, तर शक्यता उरते तीन चतुर्थांशाचा तिसरा भाग, म्हणजे बरोबर २५ टक्के, फायदा शून्य. माझे ९ बरोबर बघता, मी कापलेल्या पर्यायातच दर तीन वेळांपैकी साधारण एकदा खरं उत्तर होतं. दोन उरलेल्या प्रश्नांत मात्र मोठी सवलत आहे. तिथे कापणं अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर असलं, तरी तुम्ही उंबरठ्याच्या वर असता.

मग ते ४० प्रश्न पुन्हा काढून, प्रत्येक पर्याय का कापला ते आठवून लिहिलं. चुकलेल्यांपैकी बहुतेकांत कारण ज्ञानाचं नव्हतंच. 'हे नाव कधी ऐकलं नाही', 'आकडा फार मोठा वाटतो', 'मागचं उत्तर क होतं, आता पुन्हा क कसं येईल' असले प्रकार. न ऐकलेलं नाव म्हणजे चुकीचं नाव, असं मी गृहीत धरत होतो. माझ्या वाचनातलं भोक मी पर्यायाच्या माथी मारत होतो.

खरं कापणं कसं असतं ते एका उदाहरणात बघा. विधान १: ध्वनी निर्वातातून प्रवास करू शकत नाही. विधान २: ध्वनीचा वेग पाण्यापेक्षा हवेत जास्त असतो. पर्याय: (अ) फक्त १ बरोबर, (ब) फक्त २ बरोबर, (क) दोन्ही बरोबर, (ड) दोन्ही चूक. पहिलं विधान तुम्हाला ठाम माहीत आहे, दुसऱ्याबद्दल गोंधळ आहे. पहिलं बरोबर म्हटल्यावर (ब) आणि (ड) आपोआप गेले. इथे कापणं एका पक्क्या माहितीवर उभं आहे, म्हणून ५० टक्के हे खरेच ५० टक्के. शंका असूनही भरा. (उत्तर अ, पाण्यात ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो.)

त्यानंतर नियम असा केला: पर्याय कापताना कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात 'वाटतं' हा शब्द नको. कारण नसेल तर तो पर्याय कापलेला धरायचा नाही, आणि चारच उरलेत असं समजून प्रश्न सोडायचा. यानंतर '३' चे प्रश्न कमी झाले. पुढच्या पेपरांत मिळून २२ आले, त्यात ८ बरोबर, १४ चूक. ८ वजा ४.६७, म्हणजे यावेळी जमेच्या बाजूला. २२ ही संख्या लहान आहे, तेव्हा यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, पण निदान तोटा तरी थांबला.

सरासरी फायद्याची असली, तरी एखादा पेपर फसू शकतो, ही भीती सगळ्यांनाच असते. ती किती खरी? दोनच पर्याय उरलेले १५ प्रश्न भरले, तर तोटा होण्यासाठी ३ किंवा त्याहून कमी बरोबर यावे लागतात. प्रत्येकाची शक्यता खरोखर ५० टक्के असेल तर असं १०० पैकी साधारण २ वेळा घडेल. माझ्या वहीतले ४५ टक्के धरले तर ४ वेळा. एवढा धोका मी घेतो.

आणखी एक गोष्ट वहीनं दाखवली. दुसऱ्या एका परीक्षेत दंड एक चतुर्थांशच होता. जुने ४० प्रश्न त्या नियमानं मोजले तर ९ वजा ७.७५, म्हणजे सव्वा गुण फायदा. उत्तरं तीच, चुका त्याच, फक्त उंबरठा २५ वरून २० वर आलेला. म्हणून नव्या परीक्षेची माहितीपुस्तिका हातात आली की अभ्यासक्रमाच्याही आधी मी दंडाची ओळ शोधतो आणि वहीतले जुने आकडे त्या नियमानं पुन्हा मोजतो.