केसवर लिहायला बसण्याआधी लेखाखालचं स्वतःचं नाव बघा

नाव बदला, गाव बदला, वय दोनचार वर्षं इकडेतिकडे करा. हे कुणाला सांगायला नको. समुपदेशनासाठी आमच्याकडे येणाऱ्या एका बाईवर लेख लिहिताना मीही ते सगळं केलं होतं. नवऱ्याचा धंदा बदलला होता, मुलांची संख्या बदलली होती, सासूच्या जागी मामेसासू आणली होती. तरीही दिवाळी अंकात तो लेख आल्यावर पंधरा दिवसांत तिच्या जावेने तिला त्यात ओळखलं.

कशावरून, ते सांगते. लेखात तालुक्याचं नाव कुठेही नव्हतं. पण अंक छापायला जाताना संपादकांनी फोन करून दोन ओळींचा परिचय मागितला आणि मी सरळ सांगून टाकला: कुठल्या तालुक्यात, कुठल्या समुपदेशन केंद्रात, किती वर्षं काम करते. तालुक्यात तसं केंद्र एकच. आणि लेखात होतं की ही बाई बाजाराच्या दिवशी शिलाई मशीनचा पट्टा आणायला जाते असं घरी सांगून आमच्याकडे यायची. जावेला पट्ट्याची गोष्ट ठाऊक होती. परिचयातून तिला तालुका मिळाला आणि बाकीचं तिचं तिने जुळवलं. तिचा बाजार बंद झाला. चार आठवडे ती आली नाही, पाचव्या आठवड्यात शेजारणीच्या फोनवरून दोन मिनिटं बोलली. मदतीपर्यंत येण्याचा तिच्याकडे तो एकच रस्ता होता. तो माझ्या लेखाने बंद केला.

(इथे दिलेला बहाणा खरा नाही, त्याच जातीचा दुसरा आहे. हा मजकूर मी तिला वाचून दाखवलाय आणि तिने तो छापायला हो म्हटलंय.)

म्हणून यादीत पहिली गोष्ट: कच्चा खर्डा लिहिण्याआधी स्वतःचा परिचय लिहून काढा. नाव, संस्था, तालुका, पद, कधीपासून. तो कागद समोर ठेवा आणि विचारा, हे वाचणाऱ्याला मी कुठल्या माणसांबद्दल लिहू शकते ते कळतं का? मुंबईत मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्याला याचं उत्तर सोपं आहे, कारण त्याच्याकडे कुठूनही कुणीही येतं. तुमच्याकडे वर्षाला साठ केस येत असतील आणि त्या चाळीस गावांतून येत असतील, तर एका गावाच्या वाट्याला एक किंवा दोन येतात. तिथे गावाचं नाव बदलून काय होणार? तुमचं नाव वाचल्यावर लोक शोधायला सुरुवातच त्या चाळीस गावांत करतात.

त्यावर उपाय तीनच. परिचयातून संस्था आणि ठिकाण काढा आणि संपादकांना लेखी कळवा की जुन्या अंकातला परिचय उचलून टाकू नका. किंवा ते केंद्र सोडून काही वर्षं होईपर्यंत थांबा. किंवा एका बाईवर लिहूच नका, पाचसहा जणींच्या अनुभवांतून एक प्रसंग बांधा आणि तो असा बांधलेला आहे हे लेखाच्या सुरुवातीलाच सांगा. शेवटच्या पानावर बारीक टायपात नको.

दुसरी गोष्ट खर्ड्याची. आपण बदलतो ते आकडे आणि नावं. ओळख पटते ती एकदाच घडलेल्या गोष्टीवरून, किंवा त्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या एखाद्या वाक्यावरून. समजा खर्ड्यात असं आहे: ‘एसटीत चालक असलेला नवरा, बारावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी, लग्नात दिलेली म्हैस विकून त्याने मोबाइल घेतला त्या दिवशी ती पहिल्यांदा घराबाहेर पडली.’ आता एकेक तपशील हातात घ्या आणि विचारा की माझा मुद्दा याच्यावर उभा आहे का. मुद्दा असा आहे की तिच्या नावावर असलेली एकुलती वस्तू तिला न विचारता विकली गेली. म्हणजे वस्तू राहायला हवी, विकणं राहायला हवं, न विचारणं राहायला हवं. एसटी जाऊ दे. मुलीचा पहिला नंबर तर आधी काढा, त्याची बातमी स्थानिक पेपरात फोटोसकट आलेली असते. म्हशीच्या जागी तेवढ्याच किमतीचं, तेवढंच तिचं स्वतःचं काहीतरी ठेवा, मोबाइलचं नावच नको. उरतं ते असं: ‘माहेरहून आलेली, तिच्या नावावरची एकमेव वस्तू नवऱ्याने तिला न विचारता विकली, त्या दिवशी ती घराबाहेर पडली.’ लेख कोरडा झाला असं वाटेल. वाटू दे. तिथे तुमचं निरीक्षण घाला, तिचा तपशील नको.

पण जात, आर्थिक परिस्थिती, शिक्षण असं काही बदलताना जपून. मुद्दा त्याच्यावरच उभा असेल तर बदललेला लेख खोटं शिकवतो. शक्यतो बदलण्यापेक्षा गाळा. गाळलेल्या जागेने कुणाची दिशाभूल होत नाही.

मग जावेची परीक्षा घ्या. अनोळखी वाचकाला ओळख पटत नाही, याला काही अर्थ नाही, त्याला ती कधीच पटणार नव्हती. परिचयासकट (हो, परिचयासकट) पूर्ण पान हातात घेऊन तिच्या घरातल्या सगळ्यात संशयी माणसाच्या नजरेने वाचा. केंद्रातल्या सहकाऱ्यालाही द्या. ‘ही ती ना?’ असं तो म्हणाला, तर कशावरून ओळखलं ते विचारा आणि तेवढं काढा.

संमतीचं. केस चालू असताना विचारू नका. तेव्हा ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, तिला तुमची गरज असते. काम संपल्यावर विचारा, तिच्या बोलीत पूर्ण लेख वाचून दाखवा, छापायला जाईपर्यंत नाही म्हणता येईल हे सांगा, आणि लेखाखाली तुमचं नाव आणि गाव येणार आहे हेही सांगा. मी हे शेवटचं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, नाव बदललंय म्हणजे झालं.

काही केसमध्ये संमतीने भागत नाही. लैंगिक अत्याचार झालेलं मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ माध्यमांना फक्त नावच नाही तर घर, शाळा, कुटुंब, शेजार आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील द्यायला मनाई करतं. बलात्काराच्या केसला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, त्यात ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मनोविकाराच्या उपचारांबद्दल लिहिणाऱ्याने २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची २३ आणि २४ ही कलमं वाचावीत. सहमती आहे म्हणून इथे पुढे जाऊ नका, आधी वकिलाशी बोला.

बाकीचं थोडक्यात. केंद्राचा फोटो नको, पाटीचा तर मुळीच नको. वहीतल्या पानाचा, अक्षराचा फोटो नको. खर्ड्याच्या फाइलला तिचं खरं नाव दिलेलं असतं, पाठवण्याआधी बदला. मथळा आणि चौकटीतली वाक्यं संपादक काढतात, तीही मागवून बघा. लेख आल्यावर स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवू नका, तुमच्या यादीत तिच्या गावची माणसं आहेत. आणि शेवटचं प्रूफ येईल तेव्हा मजकूर नंतर वाचा, आधी खालच्या दोन ओळी वाचा: नाव, संस्था, तालुका.