स्नेहसंमेलनात नवा कार्यक्रम आखताना या चुका टाळा

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीकडून होणारी पहिली चूक म्हणजे जुन्याच स्पर्धेला नवे नाव देणे. गेल्या वर्षीच्या समूहनृत्याला यंदा ‘रंगधारा’ म्हटले आणि मागच्या पडद्याचा रंग बदलला, तरी प्रेक्षकाला तेच दिसते. नवेपणाची एक साधी कसोटी आहे: गेल्या वर्षीचा विजेता संघ तीच तयारी घेऊन आला, तर पुन्हा जिंकू शकेल का? शकणार असेल, तर बदल फक्त फलकावर झालेला आहे.

आमच्या समितीने एकांकिकेऐवजी थेट श्रुतिका घेतली. पाच जणांच्या संघाने आठ मिनिटांत केवळ आवाजातून गोष्ट सांगायची, आणि पाऊस, पावले, दार यांचे आवाज प्रेक्षकांसमोर वस्तूंमधून काढायचे. सुपात तांदूळ फिरवले की पाऊस, नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोड्याच्या टापा. ध्वनिमुद्रित आवाजांना बंदी होती, आणि माझ्या मते हाच नियम त्या कार्यक्रमाचा प्राण होता. तो सैल केला असता तर संगणकावर आवाज जोडणाऱ्यांची स्पर्धा उरली असती.

कल्पना चांगली असूनही पहिले वर्ष फसले, आणि त्याचे मुख्य कारण वेळेचा हिशेब हे होते. बारा संघ, प्रत्येकी आठ मिनिटे, म्हणजे 96 मिनिटे, असे धरून आम्ही दोन तास राखले होते. प्रत्यक्षात प्रत्येक संघाला वस्तू मांडून माइक जुळवायला सहा मिनिटे लागली, त्यामुळे कार्यक्रम 168 मिनिटे चालला आणि शेवटच्या संघांसमोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या मुलांची मेहनत वाया गेली, याची खंत आजही वाटते. पुढच्या वर्षी आम्ही दोन टेबले ठेवली. एका टेबलावर सादरीकरण चालू असताना पुढचा संघ दुसऱ्यावर मांडामांड करी, आणि त्या टेबलाचे माइक तोवर बंद असत. मधला वेळ दोन मिनिटांवर आला आणि कार्यक्रम बरोबर दोन तासांत संपला.

दुसरा घोळ गुणपत्रिकेचा होता. परीक्षकांच्या हाती एकांकिकेचीच गुणपत्रिका गेली होती, त्यामुळे नेपथ्य आणि हालचाली यांना गुण मिळाले, आवाजाला मात्र रकानाच नव्हता. नियम लिहितानाच गुणांचे रकाने ठरवावेत, आणि किमान आठवडाभर आधी एका संघाला घेऊन खऱ्या जागेत रंगीत तालीम करावी. तालमीत शेवटच्या रांगेत बसून डोळे मिटावेत. सुपातला पाऊस तिथे ऐकू आला नाही, तर माइक वस्तूपासून वीतभर अंतरावर आणावा. उघड्या मांडवात मात्र हे जमत नाही. वाऱ्याचा आणि बाहेरच्या गर्दीचा आवाज बारीक ध्वनी गिळून टाकतो, म्हणून मोठ्या मांडवाचा मोह सोडून दारे बंद होणारा वर्गच घ्यावा.