थायरॉईड आणि हृदय: या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगते. नाडी अनियमित लागते, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, दिसतं, रक्त पातळ करण्याची गोळी सुरू होते आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासायचं राहून जातं. थायरॉईड जास्त चालला की ते कमी येतं, कमी चालला की वाढतं. वय सत्तरच्या पुढे असेल तर हमखास राहतं, कारण थायरॉईड वाढलाय म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती बटबटीत डोळ्यांची, हात कापणारी, घामाघूम झालेली तरुण बाई. म्हातारपणी तसं दिसेलच असं नाही. माणूस उलट गप्प होतो, जेवण कमी होतं, वजन उतरतं आणि घरचे म्हणतात, वय झालं.

अशाच एक आजी, वय ७१. सहा महिन्यांत ५२ किलोवरून ४३ वर आल्या होत्या. साखर तपासून झाली होती, ती नॉर्मल. दम लागतो म्हणून आधी दुसरीकडे दाखवलं, तिथे ठोके ताळ्यावर आणायला शॉकही दिला. आठ दिवसांत पुन्हा तेच. माझ्याकडे आल्या तेव्हा मनगटावर नाडी ११२ लागत होती आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर ठोके १४८. काही ठोके इतके घाईत पडतात की रक्त मनगटापर्यंत पोचतच नाही, म्हणून हा फरक. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आलं, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉईड संप्रेरक, वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

थायरॉईडचं संप्रेरक जास्त असेपर्यंत शॉक टिकत नाही. प्रकृती तातडीने ढासळत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी घाई करू नये. आजींना ठोके आवरायला बीटा ब्लॉकर, थायरॉईडचं संप्रेरक कमी करायला कार्बिमाझोल आणि मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी दिली. फ्री टी४ ताळ्यावर आल्यावर चौथ्या महिन्यात ठोके आपोआप सरळ झाले. बऱ्याच जणांचे होतात. फिब्रिलेशन जुनं असेल किंवा झडपेचा आजार असेल तर मात्र तशी आशा कमी.

पण मध्येच एक घोळ होणार होता. सहाव्या आठवड्यात फ्री टी४ नॉर्मल आलं, टीएसएच मात्र तसंच तळाला. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, गोळी वाढवू या ना, आकडा हललाच नाही." टीएसएच वर यायला कधीकधी काही महिने लागतात. त्या आकड्याकडे बघून कार्बिमाझोल वाढवली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. सुरुवातीचे काही महिने मी फ्री टी४ आणि टी३ वर डोस ठरवते. आणि नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित नाडीला चालत नाही.

दुसरी चूक याच्या उलट, थायरॉईड कमी चालणाऱ्यांच्या बाबतीतली, आणि तिचा मला खरंच राग येतो. ६२ वर्षांचे एक काका, टीएसएच ८६, चेहरा सुजलेला, नाडी ५२, हृदयाभोवती थोडं पाणी. लवकर बरं वाटावं म्हणून पहिल्याच दिवसापासून थायरॉईडचं संप्रेरक भरून काढणारं थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम सुरू झालेलं. दहाव्या दिवशी जिना चढताना छातीत दुखू लागलं. हृदय संथ चालत होतं तेव्हा त्याची ऑक्सिजनची गरजही कमी होती, म्हणून अरुंद झालेल्या धमन्या निभावून नेत होत्या. एकदम वेग वाढवला आणि त्यांची झाकली मूठ उघडी पडली. वय जास्त किंवा हृदयविकाराची शंका असली की मी १२.५ किंवा २५ पासून सुरू करते आणि चार ते सहा आठवड्यांनी तेवढंच वाढवते. या गोळीचा परिणाम रक्तात स्थिरावायलाच तेवढा वेळ लागतो, आठवड्याने तपासून काही कळत नाही. हृदयाभोवतीचं पाणी हृदयावर दाब देत नसेल तर सुई घालावी लागत नाही, थायरॉक्सिनवर ते काही महिन्यांत ओसरतं.

वजन उतरावं म्हणून थायरॉक्सिन स्वतःहून वाढवू नका, त्यानेही फिब्रिलेशन होतं.

ठोके ताळ्यावर ठेवणारी अमिओडॅरोनची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघा, नंतर दर सहा महिन्यांनी. त्या गोळीत आयोडीन भरपूर असतं आणि थायरॉईड दोन्ही बाजूंना बिघडू शकतो.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर थायरॉईडचा डोस बदलला की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, लवकर तपासा. थायरॉक्सिन वाढलं की वॉरफरिनचा जोर वाढतो, कार्बिमाझोलने तो कमी होतो.

केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतीत तिच्यामुळे टीएसएच खोटंच कमी येतं.

आणि कार्बिमाझोलवर असताना ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या.